भागीदाराशी बिनसलं तर: लवाद काय ठरवतो आणि एनसीएलटी काय स्वतःकडेच ठेवतं?



मागच्या महिन्यात देवनारला आपलं कंपनी नोंदणीवरचं सत्र झालं. सत्र संपल्यावर एक तरुण थांबला. हातात करारनामा होता. तिघे मित्र मिळून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढणार होते. त्याने शेवटच्या पानावरच्या एका वाक्यावर बोट ठेवलं. त्यात लिहिलं होतं की भागधारकांमधले सगळे वाद लवादाकडे जातील. त्याने विचारलं, "सर, याचा अर्थ उद्या या दोघांनी मला कंपनीतून बाहेर काढलं, तर मी कोर्टात जाऊच शकणार नाही का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. हे वाक्य जवळपास प्रत्येक करारात असतं, पण सही करणाऱ्यांपैकी फारच थोडे त्याचा अर्थ विचारतात. आज तेवढंच बघूया. लवाद कुठपर्यंत पोहोचतो, कुठे थांबतो, आणि ती ओळ कशी लिहायची.

आधी तीन शब्द नीट वेगळे करू

मध्यस्थी म्हणजे मीडिएशन. मध्यस्थ तुमचं भांडण ऐकतो, दोघांना बोलतं करतो, पण निकाल देत नाही. तोडगा तुम्हीच काढायचा आणि दोघांच्या सहीशिवाय तो बांधत नाही.

लवाद म्हणजे आर्बिट्रेशन. लवाद हा खाजगी न्यायाधीश असतो. तो निवाडा देतो आणि तो पाळावाच लागतो. तीन महिन्यांच्या आत कोर्टात आव्हान देता येतं, पण त्याची कारणं फार मोजकी आहेत. निवाडा चुकीचा वाटला एवढं पुरत नाही.

तिसरा शब्द न्यायाधिकरण, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण. आपण त्याला एनसीएलटीच म्हणू. मुंबईचं खंडपीठ कफ परेडला एमटीएनएलच्या इमारतीत बसतं. कंपनीच्या कारभाराचे वाद तिथे चालतात. जे विषय कायद्याने एनसीएलटीला दिलेत, ते दिवाणी कोर्टाने ऐकायचे नाहीत असं कंपनी कायद्याचं कलम 430 सांगतं.

आता मुख्य गोष्ट. लवादाला अधिकार कुठून मिळतो? तुमच्या सहीतून. ज्यांनी सही केली त्यांच्यामधला हिशोब आणि त्यांनी एकमेकांना दिलेली वचनं एवढं तो बघू शकतो. एनसीएलटीला अधिकार संसदेने दिलाय. म्हणून संचालक काढणं, नवा संचालक नेमणं, एका भागधारकाचे शेअर दुसऱ्याला घ्यायला लावणं, कंपनीचा कारभार पुढे कसा चालेल हे ठरवून देणं, ही सगळी कामं ते करू शकतं. हे अधिकार कलम 242 मध्ये आहेत. असा आदेश फक्त सही करणाऱ्यांवर नाही, तर पूर्ण कंपनीवर लागू होतो. त्याची प्रत कंपनीला 30 दिवसांत रजिस्ट्रारकडे दाखल करावी लागते.

हा फरक मोठ्या भांडणात कसा दिसतो, त्याची दोन उदाहरणं बघू. दोन्ही महाराष्ट्रातली आहेत.

पहिलं उदाहरण: शादी डॉट कॉम

अनुपम मित्तल यांना तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. त्यांची शादी डॉट कॉम चालवणारी कंपनी म्हणजे पीपल इंटरॅक्टिव्ह, मुंबईची. 2006 मध्ये वेस्टब्रिज या गुंतवणूकदाराने तिच्यात पैसे घातले आणि भागधारक करार झाला. करारात दोन गोष्टी होत्या. कराराला भारताचा कायदा लागू राहील, आणि कंपनीच्या व्यवस्थापनाबद्दलचे वादसुद्धा लवादाकडे जातील. लवाद प्रक्रियेची जागा मात्र सिंगापूर ठेवलेली.

पुढे गुंतवणूकदाराच्या बाहेर पडण्यावरून संबंध बिघडले. मार्च 2021 मध्ये मित्तल यांनी मुंबईच्या एनसीएलटीत अर्ज केला. आपल्यावर अन्याय होतोय आणि कंपनीचा कारभार चुकीच्या पद्धतीने चाललाय, असं त्यांचं म्हणणं होतं. कायद्याच्या भाषेत याला दडपशाही आणि गैरव्यवस्थापन म्हणतात, कलम 241. वेस्टब्रिज लगेच सिंगापूरच्या कोर्टात गेलं आणि तिथून मनाई आणली: मुंबईतला अर्ज पुढे चालवू नका, लवादाकडे या.

जानेवारी 2023 मध्ये सिंगापूरच्या अपील कोर्टाने ती मनाई कायम केली. त्यांचा विचार असा होता. दोघांनी व्यवस्थापनाचे वाद लवादाकडे न्यायचं स्पष्ट ठरवलं होतं. भारताच्या कायद्यात असे वाद लवादाकडे जात नाहीत. मग लवादाच्या कलमाला भारताचा कायदा लावला तर दोघांचा हेतूच फसतो. म्हणून त्या एका कलमापुरता सिंगापूरचा कायदा लागू धरायचा, आणि त्या कायद्यात असा वाद लवादाकडे जाऊ शकतो.

त्याच वर्षी 11 सप्टेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात उलट सांगितलं. दडपशाही आणि गैरव्यवस्थापन हा विषय भारतात फक्त एनसीएलटीचा. सिंगापूरच्या लवादाने त्यावर निवाडा दिला तरी तो भारतात अमलात आणता येणार नाही, कारण तो आपल्या सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध ठरेल. मग ही मनाई पाळली तर माणसाला दाद मागायला जागाच उरणार नाही. म्हणून सिंगापूरची मनाई मित्तल यांच्यावर वापरायला कोर्टाने वेस्टब्रिजला रोखलं.

बघा, अडीच वर्षं गेली, दोन देशांची कोर्टं झाली. आणि एवढा वेळ मूळ भांडणावर नाही, तर भांडण कुठे चालवायचं यावर गेला. मित्तल यांना हा खर्च झेपला. तुमच्या-माझ्या गाळ्यातल्या कंपनीला झेपेल का?

दुसरं उदाहरण: पुण्याची इंडस बायोटेक

इथे बरोबर उलटं झालं. इंडस बायोटेकमध्ये कोटकच्या गुंतवणूक फंडाने पैसे घातले होते, आणि बदल्यात असे शेअर घेतले होते जे पुढे साध्या शेअरमध्ये बदलता येतात. बदलायची वेळ आली तेव्हा आकडा जुळेना. कोटकच्या गणिताने त्यांना कंपनीचा सुमारे 30 टक्के हिस्सा मिळायला हवा होता, आणि इंडसच्या गणिताने सुमारे 10 टक्के.

कोटकने मग पैसे परत मागितले आणि एनसीएलटीत दिवाळखोरीचा अर्ज केला. इंडसचं म्हणणं, करारात लवाद आहे, आणि हिस्सा किती हेच अजून ठरलेलं नाही, मग थकबाकी कसली?

मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडसचं मुख्य म्हणणं मान्य केलं. कोर्टाने सांगितलं की दिवाळखोरीचा अर्ज आला की थकबाकी खरोखर आहे का, हे एनसीएलटीने स्वतः आधी तपासायचं. लवादाचं कलम दाखवलं म्हणून ते काम टळत नाही. थकबाकी आहे आणि अर्ज दाखल करून घेतला, तर मग विषय सगळ्या देणेकऱ्यांचा होतो आणि लवादाकडे जाऊ शकत नाही. पण इथे थकबाकी सिद्धच होत नव्हती, भांडण गणिताचं होतं. म्हणून ते लवादाकडे गेलं.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवा. करारातल्या सूत्राने किती शेअर होतात, हा दोघांमधला हिशोब, म्हणून लवाद. कंपनी कोण चालवतंय आणि कसं चालवतंय, हा कंपनीचा कारभार, म्हणून एनसीएलटी. वादाचं नाव काय हे महत्त्वाचं नाही. तुम्ही मागताय काय, हे बघितलं जातं.

हे आपल्या गाळ्यात आणून बघू

समजा, देवनारमध्ये तिघांची पॅकेजिंगची कंपनी आहे. दहा रुपयांचे एक लाख शेअर. पहिल्याकडे 40 हजार, दुसऱ्याकडे 35 हजार, तिसऱ्याकडे 25 हजार. तिसरे तुम्ही. करारात लवादाची ओळ आहे. चार वर्षांनी चार तक्रारी जमतात.

एक, तुम्ही कंपनीला दिलेले सहा लाख परत मिळत नाहीत. करारात या कर्जाचा उल्लेख असेल आणि कंपनीनेही त्यावर सही केली असेल, तर हा सरळ लवादाचा विषय आहे.

दोन, शेअर विकायचे असतील तर आधी एकमेकांना विचारायचं असं ठरलं होतं, तरी दुसऱ्याने आपले शेअर बाहेरच्याला विकायला काढलेत. वचन मोडलं, म्हणून लवादाकडे जाता येईल. पण इथे एक खड्डा आहे. ही अट फक्त करारात असेल आणि कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्ये नसेल, तर ती कंपनीवर बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच रंगराज प्रकरणात हे सांगितलंय. शिवाय बाहेरच्या खरेदीदाराने तुमच्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे त्याला लवादापुढे आणणं अवघड.

तीन, त्या दोघांनी तुम्हाला सभेची नोटीस न देता दीड लाख नवे शेअर स्वतःच्याच नावावर काढले. आता एकूण शेअर अडीच लाख. तुमचे तेच 25 हजार. काल तुमचा हिस्सा 25 टक्के होता, आज 10 टक्के. वर तुम्हाला संचालकपदावरून काढलं.

हा एनसीएलटीचा विषय. ते शेअर रद्द करा, मला संचालक म्हणून परत घ्या, हे लवाद सांगू शकत नाही. कलम 241 खाली अर्ज करायला साधारणपणे दहा टक्के भांडवल लागतं किंवा एकूण सभासदांच्या एक दशांश सभासद. तुमच्या कंपनीत सभासद तीन. तिघांचा एक दशांश म्हणजे एकापेक्षाही कमी. म्हणजे तुमचा हिस्सा त्यांनी दोन टक्क्यांवर आणला तरी तुम्ही एकटे अर्ज करू शकता. लहान कंपनीतल्या लहान भागधारकाची ही मोठी ताकद आहे.

फक्त एक लक्षात ठेवा. तुमच्या मनाविरुद्ध निर्णय झाला म्हणजे दडपशाही झाली असं नाही. बहुमताला निर्णय घ्यायचा हक्क आहेच. नोटीस नाही, शेअर तुम्हाला देऊच केले नाहीत, हिशोब दाखवत नाहीत, असं एकामागून एक दाखवावं लागतं. त्यासाठी कागद हवेत. कंपनीने नवे शेअर वाटले की पीएएस-3 हा फॉर्म आणि संचालक बदलला की डीआयआर-12 हा फॉर्म एमसीएच्या पोर्टलवर भरावा लागतो. थोडी फी भरून कोणीही ते बघू शकतं. भागीदार फोन उचलेनासा झाला, सह्या घ्यायला यायचा बंद झाला, की पहिलं काम तेच करा. पुष्कळांना आपला हिस्सा कमी झाल्याचं तिथेच पहिल्यांदा कळतं.

चार, तुम्हाला आता नकोच आहे हे सगळं. पैसे घेऊन बाहेर पडायचंय. करारात किंमत काढायचं सूत्र असेल तर लवाद ती ठरवू शकतो. सूत्र नसेल, पण दडपशाही सिद्ध झाली, तर एनसीएलटी त्या दोघांना किंवा कंपनीला तुमचे शेअर विकत घ्यायला लावू शकतं.

चलाखी करू नका

आता कोणीतरी सल्ला देईल, "चारही तक्रारी एकत्र करा, वर दडपशाहीचं लेबल लावा आणि एनसीएलटीत टाका. लवादाचा खर्च वाचेल." हे करू नका.

2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मल्होत्रा पिता-पुत्रांचं प्रकरण आलं होतं. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्या निकालात दोन्ही बाजू मांडल्या. खरा दडपशाहीचा अर्ज लवादाकडे पाठवता येत नाही, कारण जे आदेश एनसीएलटी देऊ शकतं, ते लवाद देऊ शकत नाही. त्यावेळी एनसीएलटीच्या जागी कंपनी लॉ बोर्ड होतं, तत्त्व तेच. पण अर्ज नुसता सजवून आणलेला असेल, म्हणजे आतून करारभंगाचं भांडण आणि वरून दडपशाहीचा रंग, तर तो लवादाकडेच जाईल. अर्ज पूर्ण वाचून, काय मागितलंय ते बघून हे ठरतं.

म्हणून सहा लाखांच्या कर्जासाठी एनसीएलटीत गेलात, तर समोरचा लवाद कायद्याच्या कलम 8 खाली अर्ज देईल आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर याल. उलट, तुम्ही समोरच्या बाजूला असाल तर हेही माहीत हवं: हा अर्ज आपलं पहिलं उत्तर दाखल करायच्या आत द्यायचा असतो. आधी सविस्तर उत्तर दिलं आणि मग लवाद आठवला, तर उशीर झालेला असतो.

मध्यस्थी कुठे बसते?

गंमत अशी की मध्यस्थीला ही भिंत लागत नाही. तिथे कोणी आदेश देत नाही, सगळे स्वतःहून कबूल होतात. त्यामुळे चारही तक्रारी एका टेबलावर मांडता येतात. मी माझे शेअर अमुक किमतीला देतो, तुम्ही माझं कर्ज फेडा, बँकेतली माझी हमी काढून घ्या, असा पूर्ण तोडगा फक्त इथेच निघू शकतो.

वाद एनसीएलटीत गेल्यावरही हा दरवाजा उघडा असतो. कंपनी कायद्याच्या कलम 442 खाली मध्यस्थांची यादी असते. पक्षकार एमडीसी-2 या फॉर्मवर मागणी करू शकतात आणि एनसीएलटी स्वतःहूनही प्रकरण मध्यस्थाकडे पाठवू शकतं. कायद्याने यासाठी तीन महिने दिलेत. तोडगा निघाला की तो एनसीएलटीपुढे ठेवून त्यावर आदेश घ्यायचा. खोट्या सह्या, बनावट कागद असे गंभीर फसवणुकीचे आरोप असतील, तर मात्र ते प्रकरण मध्यस्थीला जात नाही.

एक सावधगिरी. फोनवर आणि चहावर बोलणी चालू आहेत म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही. साधारण पैशाच्या दाव्याला तीन वर्षं असतात. "बघू, बसू, ठरवू" यात ती निघून गेली तर लवादही काही करू शकत नाही.

मग करारात लिहायचं काय?

आपल्या त्या तरुणाला मी त्याच्या एका ओळीच्या जागी हा सांगाडा दिला. हा असाच्या असा चिकटवू नका, वकिलाकडून आपल्या करारात बसवून घ्या.

1. वाद झाला की लेखी नोटीस. नोटिशीपासून 30 दिवस दोघांनी मिळून निवडलेल्या मध्यस्थापुढे बसायचं. तातडीचा मनाई हुकूम मागायला या 30 दिवसांची आडकाठी नाही.

2. तोडगा नाही निघाला, तर पैसे, कर्ज, शेअरची किंमत, शेअर आधी एकमेकांना देण्याची अट आणि करारातली इतर वचनं, हे वाद एकाच लवादाकडे. लवाद सर्वांच्या संमतीने. संमती झाली नाही तर कोर्टामार्फत.

3. लवाद प्रक्रियेची जागा मुंबई. कायदा भारताचा, आणि तो या लवादाच्या कलमालाही लागू.

4. कंपनी कायद्याने जे विषय एनसीएलटीकडे दिलेत, त्यासाठी तिथे जायचा हक्क कोणीही सोडलेला नाही.

5. कंपनी स्वतः या करारावर सही करते, आणि शेअर विक्रीच्या अटी आर्टिकल्समध्येही घातल्या जातील.

दुसऱ्या मुद्द्यात "संमतीने" हा शब्द का, ते सांगतो. काही करारांत "मुख्य प्रवर्तक लवाद नेमेल" असं लिहिलेलं असतं. वादात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात अमान्य केलंय. अशी ओळ असेल तर नेमणुकीवरच भांडण सुरू होतं. तिसऱ्या मुद्द्यातला शेवटचा तुकडा शादी डॉट कॉमच्या प्रकरणाने शिकवलाय. तो तिथे नव्हता, म्हणून दोन कोर्टांनी दोन अर्थ काढले.

लवादाचा खर्च विसरू नका. लवादाची फी तुम्हीच भरायची असते, म्हणून लहान कंपनीत तीन नाही, एकच लवाद ठेवा. वेळेचं म्हणाल तर दोन्ही बाजूंचं म्हणणं दाखल झाल्यापासून 12 महिन्यांत निवाडा यावा असं कायदा सांगतो. दोघांच्या संमतीने आणखी सहा महिने वाढवता येतात.

त्या तरुणाला शेवटी मी एवढंच सांगितलं. ही ओळ तुझा एनसीएलटीचा दरवाजा बंद करत नाही. पण त्या दरवाज्यातून आत जाताना हातात काय आहे, कारभाराची तक्रार की पैशाचा हिशोब, हे मात्र तपासलं जाईल.

तो दोन दिवसांनी परत आला. सोबत दोघे मित्रही होते. तिघांनी बसून करारात शेअरची किंमत काढायचं सूत्र घातलं होतं. त्यावरून त्यांचं तासभर जोरदार वाजलं म्हणे. मी म्हटलं, बरं झालं, आत्ताच वाजलं!

तुमचा करार कपाटात असेल तर आज काढा. शेवटची दोन पानं वाचा आणि वरच्या पाच मुद्द्यांतला कोणता त्यात नाही, ते पेन्सिलने लिहून ठेवा. भेटूया पुढच्या भागात.